न्यूट्रिशन लेबलवरचे प्रश्न: आधी सर्व्हिंग मोजा, मग टक्क्यांना हात लावा

‘दीड कप सीरिअल खाल्लं, तर किती सर्व्हिंग झाली?’ नवशिक्यांच्या क्विझमध्ये हा प्रश्न हमखास असतो आणि बरेच जण बेधडक ‘दीड’ लिहून मोकळे होतात. लेबलवर एक सर्व्हिंग पाऊण कपाचं दिलेलं असतं, त्यामुळे उत्तर दोन. ही एक चूक झाली की त्याखालचे कॅलरी, सोडियम आणि टक्क्यांचे प्रश्नही ओळीने चुकतात. मग वाटतं की गणित कच्चं आहे. खरं तर गुणाकार बरोबर केलेला असतो, फक्त भलत्याच आकड्याने.

असे पेपर तपासून माझं एक मत पक्कं झालं आहे. टक्के कळत नाहीत म्हणून चुकणारे थोडे. टक्क्यांकडे घाईने जाणारे फार. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

हे सगळं अमेरिकेच्या एफडीएच्या ‘न्यूट्रिशन फॅक्ट्स’ लेबलबद्दल आहे, कारण ‘टक्के डेली व्हॅल्यू’ हा रकाना तिथला आहे आणि क्विझमध्ये सहसा तेच लेबल दिलेलं असतं. दुसऱ्या देशांच्या लेबलांवर संदर्भाचे आकडे वेगळे असू शकतात. तिथे इथले आकडे लावू नका. डेली व्हॅल्यू म्हणजे एखाद्या घटकाचं दिवसाचं संदर्भ-प्रमाण. पुढे मी तिला नुसतं ‘डीव्ही’ म्हणतो.

## तयारी: लेबल नवं की जुनं?

लेबलचा सध्याचा नमुना २०१६ मध्ये ठरला. मोठ्या कंपन्यांसाठी त्याची मुदत जानेवारी २०२० ची होती, लहान कंपन्यांसाठी जानेवारी २०२१ ची. पण क्विझमधली चित्रं अनेकदा त्याआधीची असतात, आणि दोन्हींतले डीव्ही सारखे नाहीत. त्यामुळे पहिली नजर इथे टाका:

- ‘कॅलरीज फ्रॉम फॅट’ अशी ओळ आहे, खाली व्हिटॅमिन ए आणि सी आहेत: लेबल जुनं.
- कॅलरीचा आकडा ठळक मोठा आहे, ‘अॅडेड शुगर्स’ची वेगळी ओळ आहे, खाली व्हिटॅमिन डी आणि पोटॅशियम आहेत: लेबल नवं.

नव्या लेबलसाठी हे डीव्ही कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: एकूण फॅट ७८ ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट २० ग्रॅम, कोलेस्टेरॉल ३०० मिलिग्रॅम, सोडियम २,३०० मिलिग्रॅम, एकूण कार्बोहायड्रेट २७५ ग्रॅम, फायबर २८ ग्रॅम, अॅडेड शुगर ५० ग्रॅम, कॅल्शियम १,३०० मिलिग्रॅम, लोह १८ मिलिग्रॅम. पाठ करायची गरज क्वचितच पडते, कारण बहुतेक प्रश्नांत टक्के लेबलवरच छापलेले असतात. पण पडताळ्याला हे आकडे उपयोगी पडतात. जुन्या लेबलवर फॅट ६५ ग्रॅम, सोडियम २,४०० मिलिग्रॅम, कार्बोहायड्रेट ३०० ग्रॅम आणि फायबर २५ ग्रॅम होतं.

सरावासाठी मी एक लेबल रचलं आहे. एका सीरिअलच्या खोक्यावर असं छापलंय असं समजा:

- खोक्यात ६ सर्व्हिंग
- सर्व्हिंग साइझ: ३/४ कप (४० ग्रॅम)
- कॅलरी: १५०
- एकूण फॅट ३ ग्रॅम: ४%
- सॅच्युरेटेड फॅट १ ग्रॅम: ५%
- ट्रान्स फॅट ० ग्रॅम
- सोडियम २१० मिलिग्रॅम: ९%
- एकूण कार्बोहायड्रेट २९ ग्रॅम: ११%
- फायबर ४ ग्रॅम: १४%
- एकूण साखर ११ ग्रॅम
- त्यात अॅडेड शुगर ९ ग्रॅम: १८%
- प्रोटीन ४ ग्रॅम
- कॅल्शियम १३० मिलिग्रॅम: १०%
- लोह ५.४ मिलिग्रॅम: ३०%

पुढची सगळी उदाहरणं याच खोक्याची आहेत.

## पायरी १: प्रश्नात ‘किती खाल्लं’ ते शोधा

लेबल वाचायच्या आधी प्रश्न वाचा आणि त्यातल्या प्रमाणाच्या शब्दांखाली रेघ मारा. तिथे ‘एका सर्व्हिंगमध्ये’ असतं, ‘अख्ख्या खोक्यात’ असतं, ‘अर्धा खोका खाल्ला तर’ असतं, नाहीतर थेट कप किंवा ग्रॅम दिलेले असतात. प्रमाणाचा एकही शब्द सापडला नाही, तर प्रश्न एका सर्व्हिंगबद्दल आहे असं समजा. लेबलवरची प्रत्येक ओळ मुळात एका सर्व्हिंगचीच असते.

सावध: काही पाकिटांवर टक्क्यांचे दोन रकाने असतात, एक सर्व्हिंगचा आणि एक अख्ख्या पाकिटाचा. एका बैठकीत संपू शकेल पण सर्व्हिंग दोन-तीन आहेत, अशा पाकिटांवर हे दिसतं. अशा वेळी पाकिटाचा रकाना वाचून तो पुन्हा सर्व्हिंगच्या संख्येने गुणणारे असतात. तसं करू नका. तो गुणाकार कंपनीने आधीच केलेला असतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण चूक की बरोबर या प्रकारात ती येते. सर्व्हिंग साइझ म्हणजे ‘एवढंच खावं’ असा सल्ला नाही. लोक एका वेळी साधारण किती खातात यावरून हे प्रमाण ठरवलेलं असतं. ‘सर्व्हिंग साइझ म्हणजे शिफारस केलेलं प्रमाण’ हे विधान आलं, तर चूक.

## पायरी २: गुणक काढा

सगळा खेळ या पायरीत आहे. खाल्लेलं प्रमाण म्हणजे किती सर्व्हिंग, हा एकच आकडा काढायचा. मी त्याला गुणक म्हणतो. रीत साधी आहे:

गुणक = खाल्लेलं प्रमाण ÷ सर्व्हिंग साइझ

दोन्ही बाजूंना एकच माप हवं. कप भागिले कप, किंवा ग्रॅम भागिले ग्रॅम. आपल्या खोक्यावर करून पाहू.

दीड कप खाल्लं. १.५ ÷ ०.७५ = २. म्हणजे दोन सर्व्हिंग.

एक कप खाल्लं. १ ÷ ०.७५ = १.३३, म्हणजे एक आणि एक तृतीयांश सर्व्हिंग. इथे दशांशापेक्षा ४/३ असा अपूर्णांक ठेवा, पुढचा गुणाकार सोपा जातो.

६० ग्रॅम खाल्लं. ६० ÷ ४० = १.५. दीड सर्व्हिंग.

अर्धा खोका खाल्ला. इथे कप किंवा ग्रॅम शोधत बसू नका. खोक्यात ६ सर्व्हिंग, त्याचं अर्धं ३.

भागाकार उलटा होण्याची चूकही इथेच होते. ०.७५ ÷ १.५ केलं की ०.५ येतं, आणि मग दीड कपात एका सर्व्हिंगपेक्षा कमी कॅलरी निघतात. म्हणून गुणक आला की क्षणभर थांबून स्वतःला विचारा: मी सर्व्हिंगपेक्षा जास्त खाल्लं की कमी? जास्त खाल्लं असेल तर गुणक १ पेक्षा मोठा हवा, कमी खाल्लं असेल तर लहान.

सावध: कपाशेजारच्या कंसातले ग्रॅम हे *त्या पदार्थाचं* वजन असतं. लेबलच्या हिशेबात एक कप म्हणजे २४० मिलिलिटर. तो आकारमानाचा आकडा आहे, वजनाचा नाही. असाच एक पेपर माझ्यासमोर आला होता. विद्यार्थ्याने हिशेब मांडला होता: कप २४० चा, खोका ६ × ४० म्हणजे २४० ग्रॅमचा, म्हणून अख्खा खोका एका कपात मावतो. उत्तराखाली दोन रेघाही मारल्या होत्या! प्रत्यक्षात या सीरिअलच्या पाऊण कपाचं वजन ४० ग्रॅम आहे, म्हणजे एक कप साधारण ५३ ग्रॅमचा होतो, आणि खोक्यात साडेचार कप निघतात. कपावरून ग्रॅमवर जायचं असेल तर लेबलवरच्या जोडीवरूनच जा.

पडताळा: दीड कपाचा गुणक २ काढला. २ × ४० = ८० ग्रॅम. खोका २४० ग्रॅमचा, म्हणजे एक तृतीयांश खोका. सर्व्हिंगने पाहिलं तरी ६ पैकी २, म्हणजे एक तृतीयांश. दोन्ही वाटा एकाच जागी आल्या, गुणक बरोबर.

## पायरी ३: हव्या त्या ओळीला गुणा

आता फारसं काही उरत नाही. दीड कपाचा गुणक २, म्हणून कॅलरी ३००, सोडियम ४२० मिलिग्रॅम, फायबर ८ ग्रॅम. एक कपाचा गुणक ४/३, म्हणून कॅलरी २०० आणि सोडियम २८० मिलिग्रॅम. अख्ख्या खोक्याच्या कॅलरी १५० × ६ = ९००.

छापील टक्क्यांनाही हाच गुणक लागतो. दोन सर्व्हिंगमध्ये सोडियम ९ × २ = १८%. हे पुष्कळांना पटत नाही. ‘टक्के कसे गुणायचे?’ असं विचारतात. इथले टक्के एका ठरलेल्या आकड्याचे, म्हणजे २,३०० मिलिग्रॅमचे आहेत. खाणं दुप्पट झालं तरी तो आकडा तोच राहतो, म्हणून टक्केही दुप्पट होतात. अख्ख्या खोक्यात लोह ३० × ६ = १८०% येतं आणि ते बरोबर आहे. शंभराच्या वर गेलं म्हणून खोडू नका.

सर्व्हिंगच्या संख्येपुढे ‘अंदाजे’ लिहिलेलं असेल, तर हिशेब त्याच आकड्याने करा. क्विझ त्याहून बारीक उत्तर मागत नाही.

## पायरी ४: टक्के कशाचे, ते ठरवा

छापील ‘४%’ म्हणजे काय, हे एका वाक्यात पक्कं करा: *एका सर्व्हिंगमधला हा घटक, त्याच घटकाच्या दिवसाच्या संदर्भ-प्रमाणाच्या ४% आहे.* फॅटच्या ओळीत ३ ÷ ७८ × १०० = ३.८५, तो पूर्णांकात ४ झाला. दुसरी कुठलीही गोष्ट यात मोजलेली नाही.

याच ठिकाणी तीन गैरसमज ठाण मांडून बसलेले असतात.

पहिला असा की फॅट ४% म्हणजे सीरिअलच्या वजनातलं ४% फॅट. वजनाने बघायचं तर ३ ÷ ४० म्हणजे साडेसात टक्के. वेगळाच आकडा.

दुसरा जास्त फसवा आहे. फॅट ४% म्हणजे ४% कॅलरी फॅटमधून येतात असं वाटतं. फॅटच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, म्हणून ३ ग्रॅममध्ये २७. एकूण १५० पैकी २७ म्हणजे १८%. एकाच खोक्यावरच्या एकाच फॅटचे हे दोन आकडे, ४ आणि १८, आणि दोन्ही बरोबर. उत्तर प्रश्नाच्या शब्दांवर ठरतं. ‘किती टक्के डीव्ही’ विचारलं तर ४ लिहा. ‘कॅलरीपैकी किती टक्के फॅटमधून’ विचारलं तर १८. बहुपर्यायी प्रश्नात दोन्ही आकडे पर्यायांत मुद्दाम ठेवलेले असतात.

तिसरा गैरसमज म्हणजे टक्क्यांच्या रकान्याची बेरीज शंभर व्हायला हवी. कशी होईल? प्रत्येक ओळीचे टक्के वेगळ्या आकड्याचे आहेत, फॅटचे ७८ ग्रॅमचे, सोडियमचे २,३०० मिलिग्रॅमचे. ही बेरीज करणं म्हणजे एका विषयातले मार्क आणि दुसऱ्या विषयातली हजेरी एकत्र मोजणं. रकान्याची बेरीज मागणारा प्रश्न दिसला, तर तो सापळा आहे.

उलट्या दिशेने जाणारे प्रश्नही येतात. ‘एका सर्व्हिंगनंतर दिवसभरासाठी सोडियमचा किती वाटा उरला?’ टक्क्यांत १०० − ९ = ९१%. मिलिग्रॅममध्ये विचारलं तर २,३०० − २१० = २,०९०. घाईत काही जण २,३०० चे ९१% काढतात, ते २,०९३ येतं. तीनचा फरक पडतो, कारण छापील ९% मुळात ९.१३ होतं. मिलिग्रॅम मागितले असतील तर मिलिग्रॅमचीच वजाबाकी करा, टक्क्यांतून वळसा घालू नका.

पडताळा: टक्के स्वतः काढले असतील तर त्याच ओळीच्या छापील टक्क्यांशी ताडून पाहा. एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक चालतो. पाच-दहा टक्क्यांचा फरक आला, तर बहुधा जुन्या लेबलचा डीव्ही वापरला आहे किंवा ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांची गल्लत झाली आहे.

## पायरी ५: ‘कमी’ की ‘जास्त’

इथे एफडीएचा एकच ढोबळ नियम लक्षात ठेवा: ५% किंवा त्याखाली म्हणजे कमी, २०% किंवा त्यावर म्हणजे जास्त. मधलं सगळं मधलं.

आपल्या खोक्यात सॅच्युरेटेड फॅट ५% आहे, म्हणजे कमी. पाच धरूनच कमी मोजायचं, हे विसरू नका. लोह ३०% आहे, म्हणजे जास्त. सोडियम ९%. ते कमीही नाही आणि जास्तही नाही. या तिसऱ्या उत्तरावर नवशिके अडखळतात, कारण त्यांना दोनच खण हवे असतात. अॅडेड शुगर १८%, ती वीसच्या जवळ असली तरी ‘जास्त’ या खणात बसत नाही.

हा नियम एका सर्व्हिंगला लावायचा असतो. तीन सर्व्हिंग खाल्ली की सोडियम २७% होतं हे खरं. पण ‘हा पदार्थ सोडियमच्या बाबतीत जास्त आहे का?’ असं विचारलं असेल तर उत्तर ९% वरून द्या. ‘अर्धा खोका खाणाऱ्याच्या पोटात किती गेलं?’ असं विचारलं तर २७%.

आणि ‘जास्त’ म्हणजे ‘वाईट’ नव्हे. हाच शब्द फायबरला चांगल्या अर्थाने लागतो, सोडियमला नाही. लेबल फक्त आकडा देतं.

## पायरी ६: साखरेच्या दोन ओळी आणि रिकामे रकाने

एकूण साखर ११ ग्रॅम, ‘त्यात अॅडेड शुगर ९ ग्रॅम’. पहिल्यांदा पाहणारे दोन्हींची बेरीज करून २० लिहितात. ‘त्यात’ हा शब्द वाचा. नऊ हे अकराच्या पोटातले आहेत. पदार्थात मुळातच असलेली साखर ११ − ९ = २ ग्रॅम. एकूण साखर विचारली तर उत्तर ११.

फॅट आणि कार्बोहायड्रेट यांच्या खालीही ओळी थोड्या आत सरकवून छापलेल्या असतात. त्याचा अर्थ हाच, आतली ओळ वरच्या ओळीचा भाग. सॅच्युरेटेड फॅटचा १ ग्रॅम वरच्या ३ ग्रॅममध्ये आलेला आहे.

एकूण साखर आणि ट्रान्स फॅट यांच्यापुढे टक्के नसतात, कारण त्यांच्यासाठी डीव्ही ठरवलेलाच नाही. प्रोटीनचा डीव्ही ५० ग्रॅम आहे, पण पाकिटावर प्रोटीनबद्दल काही दावा नसेल तर टक्के बहुधा छापत नाहीत. म्हणून ‘एकूण साखरेचे टक्के डीव्ही किती?’ या प्रश्नाचं उत्तर ‘दिलेले नाहीत’ असंच असतं. ११ ला ५० ने भागून २२% लिहू नका. ५० ग्रॅम हा अॅडेड शुगरचा आकडा आहे.

## पायरी ७: थोड्याशा फरकाला घाबरू नका

लेबलवरचे आकडे पूर्णांकाकडे वळवलेले असतात. त्यामुळे दोन बरोबर रीतींनी दोन किंचित वेगळी उत्तरं येतात. ‘फायबरचा १००% डीव्ही गाठायला किती सर्व्हिंग लागतील?’ ग्रॅमने २८ ÷ ४ = ७. टक्क्यांनी १०० ÷ १४ = ७.१४. ग्रॅम दिलेले असतील तर ग्रॅमचं उत्तर धरा, ते मूळ आकड्याच्या जास्त जवळ असतं.

कॅलरीचंही तसंच. एका ग्रॅममागे कार्बोहायड्रेटच्या ४, फॅटच्या ९ आणि प्रोटीनच्या ४ कॅलरी धरायच्या, या ४-९-४ सूत्राने फॅटचे २७, कार्बोहायड्रेटचे ११६ आणि प्रोटीनचे १६ मिळून १५९ येतात, आणि लेबल १५० म्हणतं. लेबल चुकलेलं नाही. फायबर कार्बोहायड्रेटच्या ओळीत मोजलं जातं, पण त्यातून पूर्ण ४ कॅलरी मिळत नाहीत. शिवाय पन्नासच्या वरच्या कॅलरी दहाच्या पटीत छापतात. ‘लेबलनुसार किती कॅलरी’ असेल तर १५० लिहा, ‘सूत्राने काढा’ असेल तर १५९.

ट्रान्स फॅटचं शून्यही पूर्णच शून्य असेल असं नाही. एका सर्व्हिंगमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ० छापतात. ‘० ग्रॅम म्हणजे अजिबात नाही’ हे विधान क्विझमध्ये चूक धरलं जातं.

## दोन पदार्थांची तुलना

शेजारी दुसरा खोका ठेवून प्रश्न येतो: पहिल्यात सोडियम ९%, सर्व्हिंग ४० ग्रॅम. दुसऱ्यात १२%, सर्व्हिंग ६० ग्रॅम. जास्त खारट कोणता?

‘एका सर्व्हिंगमध्ये’ विचारलं असेल तर दुसरा. ‘तेवढ्याच वजनात’ विचारलं असेल तर दुसऱ्याचे ४० ग्रॅम काढा: १२ × ४० ÷ ६० = ८%. मग पहिलाच पुढे जातो. नुसते टक्के समोरासमोर ठेवायचे तर आधी सर्व्हिंग सारखी आहेत का ते पाहा.

## एक प्रश्नसंच शेवटपर्यंत

*एक जण या खोक्यातलं एक कप सीरिअल खातो. (अ) किती सर्व्हिंग? (आ) अॅडेड शुगर किती ग्रॅम? (इ) तिचे टक्के डीव्ही किती? (ई) खोका किती दिवस पुरेल, रोज एवढंच खाल्लं तर?*

(अ) १ ÷ ०.७५ = ४/३. जास्त खाल्लं आहे, गुणक १ च्या वर आहे, ठीक.

(आ) ९ × ४/३ = १२ ग्रॅम. इथे ११ घेऊन गुणणारे असतात, ती एकूण साखर आहे.

(इ) १८ × ४/३ = २४%. पडताळा: १२ ÷ ५० = २४%. जुळलं.

(ई) ६ ÷ ४/३ = ४.५. साडेचार दिवस. आधी खोक्यात साडेचार कप काढले होते, त्याच्याशीही जुळतं. इथे ६ ला ४/३ ने गुणलं तर ८ येतात, आणि रोज जास्त खाऊन खोका जास्त दिवस पुरतो असा अजब निष्कर्ष निघतो.

## ‘माझ्या कॅलरी २,००० नाहीत’ असा प्रश्न आला तर

लेबलखालच्या टिपेत २,००० कॅलरीचा उल्लेख असतो. छापील टक्के वाचणाऱ्याप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे ‘लेबलवर किती टक्के’ याचं उत्तर प्रत्येकासाठी तेच. ‘२,५०० कॅलरी लागणाऱ्याला फॅट किती टक्के पडेल?’ असं विचारलं, तर ७८ ला २,५०० ÷ २,००० ने गुणा. ९७.५ ग्रॅम येतं, आणि ३ ग्रॅम त्याच्या जेमतेम ३% होतात.

सोडियमला मात्र हा गुणाकार लावू नका. जुन्या लेबलच्या तळाशी २,००० आणि २,५०० कॅलरींसाठी दोन रकाने असायचे. त्यात फॅट ६५ वरून ८० वर जायचं आणि कार्बोहायड्रेट ३०० वरून ३७५ वर. सोडियम दोन्हीकडे २,४०० आणि कोलेस्टेरॉल दोन्हीकडे ३००. त्या दोन ओळींत आकडा हलत नाही, आणि २,५०० कॅलरीवाल्यासाठी आपल्या खोक्यातलं सोडियम ९% च राहतं.